द्राक्षावरचं धुतलं जातं, द्राक्षातलं नाही

२०१० च्या हंगामात नाशिक-सांगलीकडची निर्यातीची द्राक्षं युरोपात अडकली. तिथल्या प्रयोगशाळांना मण्यांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आपल्याकडचे बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. हे कीडनाशक नाही, वेलीची वाढ आवरणारं संजीवक आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की नव्या फुटींवर ते फवारतात, म्हणजे वेल पानांत पसरण्याऐवजी पुढच्या घडांची तयारी करते. फवारणी उन्हाळ्यात, काढणी पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळात आख्खा पावसाळा वेलीवरून वाहून गेला, तरी अंश मण्यात निघाला.

यातली गंमत अशी की सीसीसी पाण्यात कमालीचं विरघळतं. ‘पाण्यात विरघळतं ते पाण्याने धुतलं जातं’ हा आपला साधा समज इथे पुरता आडवा पडतो. रसायन वेलीच्या आत गेलं होतं, खोडात आणि लाकडात साठलं होतं आणि तिथून मण्यात उतरलं होतं. फेब्रुवारीत तो घड तासभर नळाखाली धरला असता, तरी पाणी फक्त सालीवरून वाहिलं असतं.

फळं-भाज्या धुण्याबद्दल घरोघरी जे वाद चालतात, मीठ की सोडा, व्हिनेगर की गरम पाणी, त्यात बहुतेक वेळा कशाने धुवायचं एवढंच बोललं जातं. आधी विचारायला हवं ते वेगळं आहे: जे काढायचं आहे ते आत्ता नेमकं कुठे आहे? सालीवर मोकळं पडलंय, सालीच्या मेणात रुतलंय, की गरात पोचलंय? पाण्याला फक्त पहिल्या ठिकाणी पूर्ण प्रवेश आहे. दुसऱ्या ठिकाणी थोडाफार, तिसऱ्या ठिकाणी अजिबात नाही.

शेतकऱ्याला हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं, कारण त्याच्या शेतात पाऊस रोज हाच प्रयोग करत असतो. द्राक्षावरच्या डावणी या बुरशीच्या रोगासाठी म्हणून मिळणारं एक नेहमीचं मिश्र औषध घ्या. त्याच्या एकाच पुडीत दोन बुरशीनाशकं असतात, मॅन्कोझेब आणि मेटालॅक्झिल. मॅन्कोझेब म्हणजे ते पिवळसर पावडरीचं, एम-४५ या नावाने गावोगावी ओळखलं जाणारं. ते स्पर्शजन्य आहे, म्हणजे पानावर आणि मण्यावर नुसतं बसून राहतं आणि बुरशी अंगावर आली की तिला तिथेच मारतं. मेटालॅक्झिल आंतरप्रवाही आहे, काही तासांत पानात शिरतं आणि रसाबरोबर फिरतं. फवारणीनंतर जोराचा पाऊस झाला तर मॅन्कोझेब धुऊन जातं, ते पुन्हा मारावं लागतं. मेटालॅक्झिल तोवर आत गेलं असेल, तर पावसाने त्याचं काही बिघडत नाही.

आता गंमत पुन्हा बघा. मॅन्कोझेब पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मेटालॅक्झिल चांगलं विरघळतं. धुण्याने निघतं ते मात्र न विरघळणारं, कारण ते सालीवर धुळीसारखं बसलेलं असतं आणि पाणी त्याला ढकलून नेतं. पाण्याचं खरं काम विरघळवण्याचं कमी आणि ढकलण्याचं जास्त आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने हेच मोजून पाहिलं होतं. २००० साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. बारा कीडनाशकांचे अंश असलेली फळं-भाजी त्यांनी साध्या नळाच्या पाण्याखाली धुतली. बारांपैकी नऊ रसायनांचे अंश लक्षणीय कमी झाले, तिघांवर फारसा परिणाम दिसला नाही. कोणतं रसायन किती निघालं याचा त्याच्या विद्राव्यतेशी मेळ बसला नाही. न निघालेल्या तिघांत क्लोरपायरिफॉस आणि बायफेन्थ्रिन होती. दोन्ही तेलकट स्वभावाची आहेत, पाण्यापेक्षा मेणात रमणारी. फळाच्या सालीवर नैसर्गिक मेणाचा थर असतोच. असली रसायनं त्यात मुरतात आणि मग नळाची धार वरून निघून जाते.

त्याच केंद्राने बाजारात मिळणारे ‘फ्रूट अँड व्हेजिटेबल वॉश’ आणि भांडी घासायचा पातळ साबणही तपासले. नुसत्या नळाच्या पाण्यापेक्षा त्यांचा कीडनाशकांच्या बाबतीत जास्त उपयोग झाला नाही. म्हणजे शे-दोनशे रुपयांची बाटली आणून आपण फळाला सुगंध देतो, एवढंच. भांड्याचा साबण तर फळाला लावूच नये. द्राक्षाच्या देठापाशी, स्ट्रॉबेरीच्या खाचांत, कोथिंबिरीच्या पानांत तो अडकतो आणि पोटात जातो. देशातल्या अन्नसुरक्षेचं बघणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेनेही २०२० मध्ये, करोनाच्या भीतीने लोक भाजीवर साबण नि सॅनिटायझर मारू लागले तेव्हा, हे करू नका असं स्पष्ट सांगितलं होतं.

द्राक्षाच्या मण्यावर पांढुरका थर दिसला की अनेकजण दचकतात. बहुतेक वेळा ते मेणच असतं. ते मण्याने स्वतः तयार केलेलं असतं, सगळ्या मण्यावर सारखं पसरलेलं असतं आणि बोटाने पुसलं की खालची साल चकचकीत दिसते. फवाऱ्याचा डाग वेगळा दिसतो. थेंब मण्यावरून ओघळून जिथे सुकतो तिथे, म्हणजे बहुधा मण्याच्या खालच्या टोकाला किंवा दोन मणी एकमेकांना टेकतात तिथे, कडा असलेला ठिपका राहतो. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारलं असेल तर त्याला निळसर छटा असते. पण डोळ्यांवर फार विसंबू नका. डाग पडले की भाव पडतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात पावडरीची औषधं टाळून डाग न पाडणारी औषधं मारण्याकडे बागायतदारांचा कल असतो. स्वच्छ दिसणारा घड निरंश असेलच असं नाही आणि डागाळलेला घड विषारी असतो असंही नाही.

मग घरी आणलेल्या किलोभर द्राक्षांचं करायचं काय? आधी कात्रीने घडाचे चार-पाच लहान झुबके करा. मणी देठापासून ओढून काढू नका. देठ निघाला की तिथे उघडी जखम होते आणि धुण्याचं पाणी आत शिरतं. झुबके मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हाताने हलके हलवा, मणी एकमेकांवर घासू द्या. हे पाणी फेकून द्या. मग एकेक झुबका वाहत्या नळाखाली फिरवत अर्धा मिनिट तरी धरा आणि बोटांनी मणी चोळा. चोळणं महत्त्वाचं आहे, कारण सालीला अगदी लागून असलेलं पाणी जवळजवळ स्थिर असतं, धार कितीही जोरात असली तरी. तो चिकटून राहिलेला पातळ थर बोटच हलवतं. शेवटी चाळणीत निथळवून स्वच्छ सुती फडक्यावर पुसून घ्या. पुसण्याने उरलेलं आणखी थोडं निघतं.

एवढ्याने धूळ जाईल, सालीवर बसलेलं मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य औषध बरंच जाईल, मेणात रुतलेलं थोडं जाईल. आंतरप्रवाही औषध जिथल्या तिथे राहील. त्याचा बंदोबस्त स्वयंपाकघरात होत नाही, तो बागेत होतो. प्रत्येक औषधाला काढणीपूर्व कालावधी ठरवून दिलेला असतो, शेतकरी त्याला पीएचआय म्हणतात. शेवटची फवारणी आणि काढणी यांत तितके दिवस सोडले, तर ऊन आणि वेलीच्या आतल्या क्रिया मिळून ते औषध मोडतात. हे दिवस पाळले गेले की नाही हे ग्राहकाला घड हातात घेऊन कळत नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. निर्यातीच्या द्राक्षांच्या अंश तपासणीची सगळी साखळी त्याच्या देखरेखीखाली चालते आणि २०१० नंतर ती जास्त कडक झाली. मंडईत येणाऱ्या प्रत्येक घडामागे तसली साखळी नसते, हे कटू असलं तरी खरं आहे.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे आणि बातम्यांत ती क्वचित येते. प्रयोगशाळेत द्राक्षाचा नमुना येतो तेव्हा तो धुवत नाहीत. देठ काढून तसाच वाटतात आणि मोजतात. कायद्यातली अंशाची कमाल मर्यादा, एमआरएल, न धुतलेल्या मालासाठी असते. शिवाय ती विषबाधेची रेषा नाही. औषध शिफारशीप्रमाणे वापरलं तर जास्तीत जास्त किती उरेल, यावर ती बेतलेली असते. ती ओलांडली म्हणजे शेतात काहीतरी चुकलं. खाणारा लगेच आजारी पडेल असा तिचा अर्थ नाही.

आता खाण्याच्या सोड्याबद्दल, कारण त्याची कीर्ती निराधार नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर थायाबेंडॅझोल हे बुरशीनाशक आणि फॉस्मेट हे कीटकनाशक मुद्दाम लावलं, एक दिवस ठेवलं आणि मग वेगवेगळ्या पाण्यांत धुऊन पाहिलं. एक टक्का सोड्याच्या पाण्यात सालीवरचं थायाबेंडॅझोल पूर्ण निघायला १२ मिनिटं लागली, फॉस्मेटला १५. नळाचं नुसतं पाणी आणि क्लोरीनचं पाणी त्यामानाने मागे पडलं. सोड्याचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं आणि ही दोन्ही रसायनं अशा पाण्यात मोडतात. पण त्याच प्रयोगात, एका दिवसात जवळजवळ २० टक्के थायाबेंडॅझोल आणि ४ टक्क्यांहून थोडं जास्त फॉस्मेट सालीच्या आत शिरलं होतं. तिथपर्यंत सोडा पोचला नाही. तेव्हा सोडा वापरायचा तर प्रमाणात वापरा: एक लिटर पाण्याला १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चहाचे चमचे, आणि पंधरा मिनिटं. बादलीभर पाण्यात चिमूटभर टाकून दोन मिनिटं बुडवलं तर फक्त मनाला बरं वाटतं. पंधरा मिनिटांनंतर नळाखाली धुवायचंच. सफरचंद, पेरू, काकडी, ढोबळी मिरची यांना हा उपाय झेपतो. पालेभाज्या मात्र त्यात मऊ पडतात. आणि दोन रसायनांवर जे सिद्ध झालं ते बाजारातल्या शंभर रसायनांना तसंच लागू होईल, असं धरून चालू नका.

‘शिजवल्यावर सगळं जातं’ हेही कीडनाशकांच्या बाबतीत अर्धवट खरं आहे. काही औषधं उष्णतेने मोडतात, काही टिकतात आणि मॅन्कोझेबसारखं एखादं मोडून वेगळ्याच गोष्टीत बदलतं. मॅन्कोझेब तापलं की त्यातून इथिलीन थायोयुरिया तयार होतो. थायरॉइडवर होणाऱ्या परिणामामुळे तज्ज्ञांना तो मूळ औषधापेक्षा जास्त खटकतो. टोमॅटो आणि बटाट्यावर मॅन्कोझेब सर्रास मारतात. म्हणून ‘रश्शात उकळणारच आहे, कशाला धुवा’ असं म्हणून टोमॅटो तसाच चिरू नये. जे थंड पाण्याने सहज निघत होतं, ते आपण आचेवर नेऊन उगाच अवघड करतो.

जंतूंची तऱ्हा याहून वेगळी आहे. कीडनाशक जिथे पडलं तिथे हळूहळू कमी होत जातं, जंतू मात्र वाढतो. कीडनाशक सगळ्या शेतावर साधारण सारखं पडतं. जंतू एखाद्याच जुडीत ठासून असतो आणि शेजारच्या जुडीत नसतोही. त्यामुळे भाजी धुताना आपण जंतू काढतो की वाटतो, हे पद्धतीवर ठरतं.

कोथिंबिरीची जुडी समोर ठेवू. ती मुळांसकट येते, मुळांना ओली माती असते. ती कोणत्या पाण्यावर वाढली हे सांगता येत नाही. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालेभाज्या वर्षानुवर्षं पिकत आल्या, हे लोकलमधून सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मग टेम्पो, बाजार समिती, आणि शेवटी विक्रेत्याचं ओलं गोणपाट, ज्यावरून तो दर थोड्या वेळाने पाणी शिंपडत असतो, ताजी दिसावी म्हणून. ओलावा आणि उष्णता मिळाली की जिवाणूंची संख्या दर अर्ध्या-पाऊण तासाला दुप्पट होऊ शकते. पान आपल्याला सपाट दिसतं, पण त्यावर श्वासरंध्रं असतात, शिरांच्या खाचा असतात, खुडल्याच्या जखमा असतात. एक-दोन मायक्रॉनचा जिवाणू तिथे दडतो आणि स्वतःभोवती चिकट थर करून बसतो. तिथे पाणी नीट पोचत नाही.

म्हणून नीट धुतलेल्या पालेभाजीवरचे जिवाणू साधारण ९० ते ९९ टक्के कमी होतात, शून्य होत नाहीत. ऐकायला ९९ भरघोस वाटतात. पण पानावर एक लाख असतील तर हजार उरले. उरलेले हजार कोणते, यावर पुढचं ठरतं. हगवण लावणाऱ्या शिगेला जिवाणूला दहा ते शंभर इतकी संख्याही पुरते. वरणावर घालायच्या चार पानांची भीती घालण्याचा हेतू नाही. धुणं ही जोखीम कमी करण्याची रीत आहे, निर्जंतुक करण्याची नाही. निर्जंतुक करते ती आच.

धुण्याचा क्रम असा ठेवा. आधी निवडा: पिवळी, सडकी, चिखलाने माखलेली पानं बाहेर आणि मुळं कापून टाका. सगळी घाण तिथे असते, ती पातेल्यात नेऊ नका. मग मोठं पातेलं, भरपूर पाणी, त्यात जुडी सुटी करून हाताने घुसळा आणि दोन मिनिटं थांबा. माती तळाशी बसते. इथे बहुतेक जण एक चूक करतात: पातेलं चाळणीत उपडं करतात. तळाची सगळी माती पुन्हा पानांवरूनच वाहते. पानं हाताने वर उचलून बाहेर काढा आणि मग पाणी फेका. पातेल्याच्या तळावर बोट फिरवून बघा, कच लागली तर पुन्हा एकदा. दोन-तीन पाण्यांनंतर बोट स्वच्छ येतं. मेथी आणि पालकाला जास्त पाणी लागतं, चाकवताला तर खूपच. शेवटचं पाणी वाहतं हवं. नळाचं पाणी गढूळ येत असेल, पावसाळ्यात अनेक गावांत येतंच, तर कच्च्या खायच्या कोथिंबिरीसाठी शेवटचं पाणी पिण्याचं घ्या.

चार भाज्या एकाच पातेल्यात भिजत घालण्याची सवय मोडायला हवी. एका जुडीवर जंतू असतील तर तेच पाणी ते उरलेल्या तिघींना पोचवतं. सलाडच्या कारखान्यांतही पाण्यात क्लोरीन घालतात ते मुख्यतः याचसाठी. पानाला चिकटलेला जिवाणू त्याने फारसा मरत नाही, पण पाण्यात सुटलेला दुसऱ्या पानावर बसण्याआधी मरतो.

घरी क्लोरीन वापरायचंच असेल तर ५० पीपीएम हे प्रमाण आहे, एफएसएसएआयच्या सूचनेतही तेच होतं. म्हणजे एका लिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्के लिहिलं असेल तर एक लिटर पाण्यात एक मिलिलिटर, पाच लिटरला पाच. बाटली अर्धा टक्क्याची असेल तर लिटरला दहा मिलिलिटर. कपड्यांसाठीच्या सुगंधी ब्लीचला हा हिशोब लावू नका, त्यात इतर रसायनं असतात. भाजीची माती आधी काढलेली हवी, कारण क्लोरीन चिखल दिसला की त्याच्याशीच लढून संपतं. जंतूंसाठी काही उरत नाही. पाच मिनिटं ठेवून पिण्याच्या पाण्याने धुऊन घ्या. घरात बाळ, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल आणि भाजी कच्ची खायची असेल, तर ही खटपट सार्थ आहे. त्यातही अशा माणसांनी कच्चं टाळलेलंच बरं. बाकीच्या घरात, जिथे भाजी कढईतच जाणार, तिथे वाहतं पाणी पुरे.

मीठ आणि हळदीच्या पाण्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. मिठाच्या पाण्यात फ्लॉवर बुडवला की अळ्या बाहेर पडतात, हे खरं आणि उपयोगी आहे. तेवढं मीठ जिवाणूला मारायला पुरत नाही. हळदीने पाणी पिवळं होतं. व्हिनेगर आम्ल असल्याने काही जिवाणू मारतं, पण त्यासाठी ते चांगलंच तीव्र ठेवावं लागतं, बादलीत दोन चमचे घालून नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या दोन दाण्यांनी पाणी गुलाबी होतं, पण त्या रंगावरून प्रमाण कुणाला कळत नाही. कमी पडलं तर व्यर्थ, जास्त पडलं तर भाजी तपकिरी.

अळीवरून कोबीवर यावंच लागतं. ‘कोबीतला किडा मेंदूत जातो’ हे वाक्य ऐकून कोबी सोडलेली घरं मला माहीत आहेत. कोबीत दिसणारी हिरवी अळी बहुधा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असते. ती चुकून शिजली तरी किळस येईल, मेंदूचं काही होणार नाही. मेंदूत गाठी करतो तो डुकरातल्या फीतकृमीचा अंकुर. त्याची अंडी त्या कृमीने बाधित माणसाच्या विष्ठेतून येतात. उघड्यावरचं शौच किंवा सांडपाणी यांतून ती शेतात पोचली, तर मातीला लागून वाढणाऱ्या कुठल्याही भाजीला चिकटू शकतात: कोबी, गाजर, मुळा, कोथिंबीर. म्हणून जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. हे अंडं एका मिलिमीटरच्या तिसाव्या भागाच्या आसपास असतं, डोळ्यांना दिसत नाही. त्याचं कवच इतकं जाड की ५० पीपीएम क्लोरीन, मीठ, व्हिनेगर यांना ते दाद देत नाही. पण वाहत्या पाण्याने चोळून धुतलं की ते निघून जातं आणि शिजवलं की मरतं. म्हणजे इथे महागडी पावडर हरते आणि साधा नळ जिंकतो. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं काढून टाका, आतली पानं सुटी करून धुवा आणि मग चिरा. चिरून धुतलेल्या कोबीत सुरीने बाहेरची घाण आत नेलेली असते, वर जीवनसत्त्वही पाण्यात जातं.

हाच न्याय कलिंगड-खरबुजाला. साल खायची नाही म्हणून ती धुवायची नाही, असं आपण मानतो, पण सुरी सालीवरून गरात जाते आणि जमिनीवरचे जंतू बरोबर नेते. खरबुजाची जाळीदार साल तर जंतूंना राहायला मस्त. ब्रशने घासून धुवा, पुसा, मग कापा.

एका पदार्थापुढे मात्र धुणं पूर्ण हात टेकतं आणि तो आपल्या रोजच्या खाण्यातला आहे: मोड आलेली कडधान्यं. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ आली. जवळजवळ चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून जास्त दगावली. आधी काकड्यांवर आळ आला, त्यात स्पेनच्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. शेवटी माग मेथीच्या मोडांपर्यंत गेला. ते इजिप्तहून आलेल्या दाण्यांचे होते. दाण्याच्या भेगेत मोजके जिवाणू असतात. आपण ते ओल्या फडक्यात, उबेत, दोन दिवस बांधून ठेवतो, म्हणजे त्यांच्या दृष्टीने सगळी व्यवस्था करून देतो. मोडाबरोबर ते आतवर वाढतात. वरून कितीही पाणी ओता, आतले तिथेच राहतात. मटकीची उसळ शिजते, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक मोडांचा प्रश्न आपोआप सुटलेला आहे. अडचण येते ती कच्च्या मुगाच्या कोशिंबिरीत आणि सकाळी व्यायामानंतर मूठभर चावून खाल्लेल्या मोडांत. त्यांना तीन-चार मिनिटं वाफ द्या. थोडी कुरकुर राहते आणि धोका बराच उतरतो.

राहिला प्रश्न कधी धुवायचं याचा. बाजारातून आल्या आल्या सगळं धुऊन फ्रिजमध्ये ठेवलं की कर्तव्य केल्यासारखं वाटतं, पण ओली भाजी कोरड्या भाजीपेक्षा लवकर सडते आणि फ्रिजच्या थंडीतही काही जंतू ओलाव्यावर वाढत राहतात. कोथिंबीर निवडून, कोरडीच फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि लागेल तेव्हा लागेल तेवढी धुवावी. आधी धुवायचंच असेल, तर पंख्याखाली अगदी सुकेपर्यंत पसरून ठेवण्याची तयारी हवी. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यात सगळ्यात नाजूक. ती मातीला टेकून वाढते, तिला सोलता येत नाही, उकडता येत नाही आणि भिजली की संध्याकाळपर्यंत बुरशी धरते. ती हिरव्या टोपीसकट, खाण्याच्या जरा आधी, हलक्या धारेखाली बोटांनी फिरवत धुवावी आणि टोपी नंतर काढावी. आधी काढली तर धुण्याचं पाणी थेट गरात जातं.